सादळलेली सेव आणि खवटलेली सेव: कोणती परतून खायची, कोणती टाकायची

प्रश्न: आम्ही इंदूरला सुदामा नगरात राहतो. दोन आठवड्यांपूर्वी सुटी लवंग सेव एक किलो आणली आणि नेहमीच्या प्लास्टिकच्या बरणीत भरली. आता ती मऊ पडली आहे आणि झाकण उघडलं की जुन्या तेलासारखा वास येतो. त्याच फळीवर ठेवलेले बटाट्याचे वेफर्स आणि मारी बिस्किटंही मऊ पडलीत, पण त्यांना वास नाही. सासूबाई म्हणतात, कढईत परतून घे, काही होत नाही. घरात सहा वर्षांची मुलगी आहे. हे नुसतं शिळं झालंय की खाल्ल्यावर त्रास होईल?

उत्तर:

ताई, आधी निकाल सांगतो. बिस्किटं आणि वेफर्स गरम करून खुशाल खा. सेव टाकून द्या. कोणी त्यातली मूठभर सेव आधीच खाल्ली असेल तर काळजी करू नका, त्याने विषबाधा होत नाही. सासूबाईंचा सल्ला वेफर्ससाठी अगदी बरोबर आहे, तुमच्या सेवेला मात्र लागू पडत नाही.

इंदूरला आमचा नमकीनचा छोटा कारखाना आहे. सव्वीस वर्षं झाली, तळण आणि परत आलेला माल या दोन गोष्टी माझ्याकडे आहेत. दुकानदार पाकीट परत आणतो तेव्हा त्याची तक्रार एकाच शब्दाची असते: "माल खराब निघाला." त्यातून खराब म्हणजे नेमकं काय हे शोधणं माझं रोजचं काम. तुमच्या फळीवर खरं तर दोन वेगवेगळ्या गोष्टी घडल्या आहेत. एक पाण्याची, एक तेलाची. दोन्ही एकाच बरणीत आणि एकाच वेळी दिसल्यामुळे त्या एकच वाटतात.

आधी पाण्याची गोष्ट. कढईतून निघालेल्या ताज्या सेवेत पाणी जेमतेम दोन-तीन टक्के असतं. ती हवेपेक्षा इतकी कोरडी असते की झाकण उघडल्या क्षणापासून ओल खेचायला लागते. पावसाळ्यात इंदूरची हवा कशी असते हे तुम्हाला माहीत आहेच, मिठाची बरणीसुद्धा ओली होते. सेवेतलं पाणी पाच-सहा टक्क्यांवर गेलं की कुरकुरीतपणा जातो, ती दाताखाली मोडण्याऐवजी दबते. याला आपण सादळणं म्हणतो, इथल्या दुकानांतून 'सील गई' म्हणतात. बिस्किटांचंही तेच. उघडा राहिलेला पाव कडक होतो आणि उघडं राहिलेलं बिस्किट मऊ पडतं, कारण पाव हवेला पाणी देतो आणि बिस्किट हवेतून पाणी घेतं. म्हणून बिस्किटं कधी पावाच्या किंवा केकच्या डब्यात ठेवू नयेत, एका रात्रीत त्यांची वाट लागते.

आता सादळलेल्या मालात जंतू वाढतात का, हा खरा प्रश्न. पदार्थात एकूण पाणी किती यापेक्षा जंतूंना वापरता येईल असं मोकळं पाणी किती यावर ते ठरतं. हे मोकळं पाणी मोजायची एक पट्टी आहे, शून्य ते एक. साधं पाणी म्हणजे एक. पाव ०.९५ च्या आसपास असतो, म्हणून त्याला चार दिवसांत बुरशी येते. ०.६ च्या खाली कुठलाही जंतू किंवा बुरशी वाढत नाही. कुरकुरीत सेव ०.२ ते ०.३ वर असते आणि सादळून अगदी नरम झालेली सेवही बहुतेक ०.५ च्या आतच राहते. म्हणजे कुरकुरीतपणा गेला तरी जंतूंच्या वाढीची रेषा अजून बरीच दूर असते. तळणानंतर भुरभुरलेल्या मसाल्यातून किंवा अस्वच्छ हातांतून एखादा जंतू आधीच आला असेल तर तो कोरड्या मालातही टिकून राहू शकतो, पण तो धोका ताज्या आणि सादळलेल्या मालात सारखाच. मऊ पडल्याने तो वाढत नाही.

मात्र हा हिशोब हवेतल्या ओलीचा आहे, सांडलेल्या पाण्याचा नाही. बरणीत ओला चमचा गेला, झाकणाच्या आतून थेंब ओघळले, किंवा मुलांनी ओल्या हातांनी सेव काढली, तर तेवढ्या जागी गोळा होतो आणि त्या गोळ्यात पाणी पुष्कळ असतं. तिथे बुरशी येऊ शकते. त्याकडे मी पुढे येतो.

आता तेलाची गोष्ट, कारण तुमच्या सेवेचं खरं दुखणं तेच आहे. सेवेच्या वजनात साधारण तिसरा हिस्सा किंवा त्याहून थोडं जास्त तेलच असतं. बटाट्याच्या वेफर्समध्येही जवळपास तेवढंच. मारीत मात्र दहा-बारा टक्के. म्हणूनच बिस्किटं मऊ पडूनही त्यांना वास आला नाही, खवट व्हायला त्यांच्यात तेलच कमी. तळलेल्या पदार्थात तेल पातळ थराने सगळीकडे पसरलेलं असतं. डब्यातल्या तेलाला हवा फक्त वरच्या पृष्ठभागावर लागते, सेवेच्या तेलाला प्रत्येक तारेभोवती लागते. हवेतला प्राणवायू या तेलाशी जुळत जातो आणि तेलाचे रेणू तुटून लहान लहान तुकडे होतात. वास येतो तो या तुकड्यांचा. जुना रंगाचा डबा, ओला पुठ्ठा, शिळा अक्रोड, अशा धर्तीचा तो वास असतो. आपला शब्द खवट. हा खवटपणा जंतूंनी केलेला नाही, म्हणून उकळून, परतून किंवा उन्हात ठेवून तो जात नाही.

यात एक गोष्ट समजून घेण्यासारखी आहे. तेल हळूहळू आणि सारख्या गतीने बिघडत नाही. सुरुवातीचे बरेच दिवस नाकाला काहीच कळत नाही, कारण प्राणवायू जुळून जे पहिलं रसायन तयार होतं त्याला वासच नसतो. ते साठत राहतं, मग त्याचे तुकडे पडायला लागतात आणि दोन-चार दिवसांत एकदम वास उघड होतो. "परवापर्यंत चांगली होती" असं गिऱ्हाईक सांगतं तेव्हा ते खरंच सांगत असतं. आणि एकदा सुरू झालेला खवटपणा स्वतःच पुढचा खवटपणा वाढवतो. म्हणूनच जुन्या सेवेचा चुरा तळाशी ठेवून त्यावर नवी सेव ओतली की नवी सेवही लवकर जाते. विरजणासारखं आहे ते.

बऱ्याच जणांना वाटतं की सादळल्यामुळे सेव खवट झाली. तसं नाही. झाकण सैल असलं की आत ओलही जाते आणि प्राणवायूही जातो, म्हणून दोन्ही बरोबर दिसतात. पण घट्ट बंद पारदर्शक पाकिटातली, कडकडीत कुरकुरीत सेवही खवट असू शकते. आणि उलट, वाटीत रात्रभर उघडी राहिलेली सेव सकाळी लिबलिबीत होते, तिला वास अजिबात नसतो.

पारदर्शक पाकिटाचा एक प्रसंग सांगतो, कारण मला स्वतःला त्यातूनच हे नीट कळलं. एका मे महिन्यात एका दुकानदाराने आमच्या दोनशे ग्रॅमच्या सेवेची अकरा पाकिटं परत आणली. पाकिटं सीलबंद, सेव कुरकुरीत, तारीख बरीच लांब. पण फोडल्यावर आधी गवतासारखा आणि मागून रंगाच्या डब्यासारखा वास. माझा पहिला संशय तळणीच्या तेलावर गेला. आम्ही रोजच्या मालातली दोन पाकिटं खोक्यात घालून नमुना म्हणून ठेवतो. त्या तारखेचा नमुना काढला, फोडला, खाल्ला. उत्तम. तीच कढई, तेच तेल, तोच घाणा. मग दुकानावर गेलो. पाकिटांची माळ दुकानाच्या दर्शनी भागात टांगलेली, पश्चिमेकडे तोंड, दुपारी तीनपासून सूर्य मावळेपर्यंत थेट ऊन.

खात्री करायला पुढच्या आठवड्यात एकाच घाण्यातली सहा पाकिटं घेतली. तीन कारखान्याच्या खिडकीत टांगली, तीन त्याच खोलीत पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवली. खोली तीच असल्यामुळे हवेच्या उष्णतेत फारसा फरक नव्हता, फरक मुख्यतः उजेडाचा. नवव्या दिवशी खिडकीतलं एक पाकीट फोडलं तर तोच गवती वास. खोक्यातलं शेवटचं पाकीट महिन्याने फोडलं, तेव्हाही सेव चांगली होती. त्या काळी आम्ही सोयाबीन तेलात तळत होतो. आपल्या माळव्यात तेच सहज मिळतं, पण उजेडापुढे ते फार नाजूक. पामोलिन त्या मानाने टिकतं, शेंगदाणा तेल दोघांच्या मधलं. त्यानंतर आम्ही लहान पाकिटांसाठी आतून चंदेरी असलेला कागद घेतला. वेफर्सची पाकिटं आतून चंदेरी का असतात आणि त्यांत नायट्रोजन का भरतात, त्याचं कारण हेच. वेफर्सचं पाकीट फुगलेलं दिसतं ते त्या नायट्रोजनमुळे, सडल्यामुळे नाही. फुगलेल्या डबाबंद भाजीचा नियम त्याला लावू नका.

आता तुमच्या हातातल्या पदार्थाचा निवाडा कसा करायचा ते सांगतो. मी कारखान्यात करतो तीच रीत, घरी सहज जमते. झाकणाची छोटी काचेची बाटली घ्या, लोणच्याची धुतलेली चालेल, पण तिला लोणच्याचा वास राहिलेला नको. त्यात दोन मोठे चमचे सेव टाका, झाकण घट्ट लावा आणि बाटली कढत पाण्याच्या पातेल्यात दहा मिनिटं उभी ठेवा. पाणी झाकणापर्यंत येऊ देऊ नका. मग बाटली घेऊन स्वयंपाकघरातून बाहेर, गॅलरीत या. फोडणीच्या वासात नाक काम करत नाही. झाकण उघडा आणि लगेच, एकदाच, खोल वास घ्या. पहिला वास खरा असतो. तिसऱ्या वेळेपर्यंत नाक सरावतं आणि काहीच वाटेनासं होतं.

उष्णतेने ते वासाचे तुकडे तेलातून निघून बाटलीतल्या हवेत जमतात, त्यामुळे थंड सेवेत दडलेला खवटपणा इथे लपत नाही. लवंग सेवेच्या बाबतीत ही रीत विशेष कामाची आहे, कारण लवंग, ओवा आणि मिरीचा वास खवटपणाला झाकतो. लवंगेत तेल टिकवण्याचा गुण थोडाफार आहे, ही तिची जमेची बाजू, पण तिच्यामुळे बिघाड उशिरा लक्षात येतो हेही तितकंच खरं. बाटली उघडल्यावर आधी लवंग आणि भाजलेलं बेसन आलं तर माल चांगला. लवंगेच्या मागून रंग, पुठ्ठा किंवा जुन्या तेलाच्या बुधल्याचा वास आला तर खवट.

वासावर मन ठरत नसेल तर चार तारा तोंडात घेऊन चावा आणि थुंकून टाका. जिभेवर लगेच काही लागत नाही, अर्ध्या मिनिटाने घशाच्या मागे खवखव येते, किंचित कडू चव रेंगाळते आणि पाणी प्यावंसं वाटतं. ती खवखव आली की प्रश्न संपला.

चिवडा असेल तर सगळ्यांचा मिळून वास घेऊ नका. सुकं खोबरं, शेंगदाणे आणि काजू वेगळे काढा. चिवड्यात आधी तेच बिघडतात, पोहे मागे राहतात. खोबऱ्याचा बिघाड वेगळा ओळखू येतो, त्याला साबणासारखी चव लागते. आणि शेंगदाणा कडू लागला, आतून काळपट किंवा सुरकुतलेला दिसला, तर तो घास थुंका आणि तो चिवडा पुढे खाऊ नका. शेंगदाण्यावर कच्चा असतानाच एक बुरशी येते, तिचं विष तळल्याने पुरतं नष्ट होत नाही, आणि ते नाकाने ओळखता येत नाही. म्हणून कडू दाण्याच्या बाबतीत मी कुणाला चव घेऊन खात्री करा असंही सांगत नाही.

तुमचे वेफर्स आणि बिस्किटं बाटलीच्या परीक्षेत उतरली की ती परत कुरकुरीत करा. वेफर्ससाठी जाड बुडाची कढई मंद आचेवर कोरडी तापवा, वेफर्स टाका, चार-पाच मिनिटं हलक्या हाताने हलवत राहा. तेल घालू नका, आपल्याला फक्त पाणी घालवायचं आहे. ओव्हन असेल तर शंभर-एकशे दहा अंशांवर सहा ते आठ मिनिटं. गरम असताना बिस्किट मऊच लागेल, ते थंड झाल्यावर कडक होतं, म्हणून जमलं नाही असं समजून पुन्हा भाजू नका, करपेल. ताटात पसरून पूर्ण गार होऊ द्या आणि मगच डब्यात भरा. कोमट भरलं तर झाकणाला वाफ धरते आणि सगळी मेहनत वाया जाते. एकदा परतलेला माल दोन-तीन दिवसांत संपवा, कारण उष्णतेने पाणी जातं पण तेलाचं वय वाढतं.

याच कारणाने खवट सेव परतायची नसते. परतल्यावर ती कुरकुरीत होते आणि थोडा वासही उडून जातो, त्यामुळे सुधारल्यासारखी वाटते. पण तुटलेलं तेल तिथेच असतं आणि त्या आचेने आणखी तुटतं. संध्याकाळपर्यंत वास परत येतो, आधीपेक्षा जास्त. नुसती सादळलेली, वास नसलेली सेव असेल तर परतायचीही गरज नाही, सेव-टमाटर करा. रश्श्यात ती तशीही मऊच व्हायची असते. खवट सेव मात्र सेव-टमाटरमध्येही घालू नका. गरम रश्श्यात तो वास बाटलीतल्यासारखाच वर येतो आणि अख्खी भाजी जाते.

आता तुमची खरी काळजी, मुलीची. खवट सेवेची मूठ खाल्ल्याने सहसा काहीच होत नाही. जास्त खाल्ली तर मळमळ, छातीत जळजळ, एखादा सैल जुलाब, इतपत होऊ शकतं आणि ते आपोआप थांबतं. ताप, सतत उलट्या, पोटात जोराची कळ किंवा जुलाबात रक्त असेल तर ते खवट तेलाचं लक्षण नव्हे, सेवेवर ढकलून थांबू नका, डॉक्टरांकडे जा. एका वेळच्या त्रासापेक्षा मला सवयीची चिंता जास्त वाटते. रोजच्या डब्यात थोडं थोडं खवट तेल पोटात जाणं चांगलं नाही. त्या तेलातलं ई जीवनसत्त्व आधीच संपलेलं असतं आणि तुटलेले तुकडे शरीराला उपयोगाचे नसतात. मुलं तर त्या चवीला सरावतात आणि पुढे खवट असल्याचं ओळखतच नाहीत. माझ्या कारखान्यात नवा मुलगा चव बघायला बसतो तेव्हा निम्म्यांना खवट सेव "नेहमीसारखी" लागते, कारण घरी तशीच खाल्लेली असते. आणि टाकायची म्हणजे टाकायची. जी आपल्या मुलीला द्यायची नाही, ती कामवाल्या मावशींच्या मुलांनाही बांधून देऊ नका.

ज्या मालाला मी शिळा न म्हणता धोक्याचा म्हणतो, तो ओळखायला बाटलीची गरज पडत नाही. पांढरे-हिरवे कापसासारखे ठिपके, तारांमध्ये जाळी, किडे किंवा अळ्या, उंदराच्या लेंड्या, कुरतडलेलं पाकीट, पाण्याने झालेला गोळा, किंवा बंद कपाटासारखा कुबट, मातकट वास. कुबट आणि खवट यांत फरक करायला शिका. कुबट म्हणजे बुरशी, खवट म्हणजे तेल. यांतलं काहीही दिसलं तर वरचा भाग काढून खालचा खाणं नको, पूर्ण डबा टाका. ओल्या सारणाची कचोरी आणि तसल्या पदार्थांना तर सेवेचा नियम लावूच नका. त्यांच्यात जंतूंना पुरेल इतकं पाणी असतं. आणि फिनाईल, डांबरगोळ्या किंवा रॉकेलच्या शेजारी ठेवलेला तळलेला माल तो वास तेलात ओढून घेतो, तोही खाण्याजोगा राहत नाही.

आता राहिलं कोडं: दोनच आठवड्यांत सेव खवट का झाली? बऱ्या तेलात तळलेली सुटी सेव चांगल्या डब्यात महिनाभर सहज टिकते. दोन आठवडे फार कमी आहेत. म्हणजे एकतर दुकानातच तेल थकलेलं होतं, किंवा तुमच्या बरणीत गडबड आहे. तुम्ही "नेहमीच्या" बरणीत भरली असं लिहिलंय, त्यामुळे माझा पहिला संशय बरणीवर आहे. प्लास्टिक तेल शोषतं. वर्षानुवर्षं नमकीन भरलेल्या बरणीच्या भिंतींत, झाकणाच्या आट्यांत आणि रबरी कडीखाली खवट तेलाचा थर बसतो, नुसत्या पाण्याने विसळून तो निघत नाही. रिकामी बरणी तासभर झाकण लावून ठेवा आणि उघडून वास घ्या. वास आला तर कारण सापडलं. ती फळी शेगडीच्या वर किंवा फ्रिजच्या माथ्यावर असेल तर उष्णतेचीही भर पडली असणार.

दुकानाचा दोष आहे का हे कळायला त्याच दुकानातून पाव किलो सेव आणा आणि त्याच दिवशी, बरणीत भरायच्या आधी, बाटलीची परीक्षा करा. पहिल्या दिवशीच जुन्या तेलाचा जडसा वास आला, सेव गडद तपकिरी दिसली, बोटांना चिकट तेल लागलं, तर तळणीचं तेल पुन्हा पुन्हा वापरलेलं आहे. असं तेल कढईतही ओळखू येतं. काळं आणि घट्ट होतं, माल टाकला की येणारा फेस खाली बसत नाही आणि कमी आचेवर धूर सोडतं. तळून तळून तेलात जे पदार्थ साठतात त्यांवर देशात २०१८ पासून २५ टक्क्यांची मर्यादा आहे, त्यापुढे ते तेल खाण्यासाठी वापरता येत नाही. आमच्याकडे ते मोजायचं हातात धरायचं यंत्र आहे, कढईत बुडवलं की आकडा दाखवतं. पहिल्या दिवशी सेव चांगली निघाली आणि स्वच्छ काचेच्या बरणीत पंधरा दिवसांनीही चांगली राहिली, तर दुकानदाराला काही बोलू नका, दोष बरणीचाच.

तारखेचं म्हणाल तर पाकिटावरची तारीख बंद पाकिटाची असते. पाकीट फोडलं की ती संपली. आणि सुट्या सेवेला घरी कोणतीच तारीख नसते, म्हणून झाकणावर कागदाची चिकटपट्टी लावून आणल्याची तारीख लिहीत जा.

थोडक्यात, मऊ आहे पण वास नाही, तर परता किंवा भाजीत घाला. वास आहे, मग कुरकुरीत असो वा मऊ, तर टाका. ठिपके, जाळी, कुबट वास किंवा पाण्याचा गोळा दिसला, तर चवही घेऊ नका.

नवी सेव आणाल तेव्हा एक किलोऐवजी पाव किलो आणा आणि स्टीलच्या किंवा काचेच्या डब्यात गच्च भरा. अर्धा रिकामा डबा म्हणजे अर्धा डबा हवा, म्हणून सेव कमी झाली की लहान डब्यात काढा. डबा शेगडीपासून लांब, अंधाऱ्या कपाटात ठेवा. आधीचा डबा संपल्यावर गरम पाण्यात साबण घालून झाकणाच्या आट्यांतून ब्रश फिरवा, पुसा आणि रात्रभर उघडा वाळवा. धुतलेल्या डब्यात राहिलेला एक थेंबही पहिल्या दिवशीच सेव सादळवतो. सासूबाईंना सांगा, परतायची कढई वेफर्ससाठी आज संध्याकाळीच चढवा, पण आधी बाटली कढत पाण्यात ठेवून वास त्यांनाच घेऊ द्या. त्यांचं नाक तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त दिवाळ्यांचं तळण बघून तयार झालंय, दोन बाटल्या शेजारी ठेवल्या की त्या एका श्वासात फरक सांगतील.